काम कापल्याने प्रेम वाढत नाही

गेल्या वर्षी एका दिवाळी अंकाच्या संपादकांनी माझी कथा परत पाठवली. सोबत स्वहस्ते लिहिलेले दीड पानी पत्र होते. आजकाल नकारही कोणी कळवत नाही, त्यामुळे या पत्राबद्दल मला आदर वाटला आणि म्हणूनच त्याला उत्तर द्यावेसे वाटते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे होते: प्रेमकथा चांगली आहे, पण नायिका खाणीत मोजमाप करते ती पाच पाने काढून टाका. वाचक त्या दोघांसाठी अंक उघडतो, तिच्या नोकरीसाठी नाही. नायिकेला स्वतःचे ध्येय दिले की प्रेम पातळ होते, नायक लहान होतो, आणि आमच्याकडच्या खेड्यातली मुलगी असे काही मागते हे कोणाला खरेही वाटत नाही.

मी गोव्यातल्या पाळी गावात राहते आणि वीस वर्षे कथा लिहिते. ही तिन्ही वाक्ये मी या ना त्या रूपात चर्चासत्रांत, ग्रंथालयाच्या बैठकीत आणि लिहिणाऱ्या मैत्रिणींच्या तोंडूनही ऐकली आहेत. ती चुकीची आहेत असे मला मनापासून वाटते. मात्र ती कशावरून निघतात हे आधी मान्य केले पाहिजे, कारण त्यात एक खरे निरीक्षण दडलेले आहे.

ध्येय असलेल्या नायिकांच्या बऱ्याच प्रेमकथा खरोखर फिक्या असतात. नायिकेला कलेक्टर व्हायचे असते, डॉक्टर व्हायचे असते, बुटीक काढायचे असते. पहिल्या पानावर तसे सांगितले जाते, मधे एकदा ती रात्री पुस्तक घेऊन बसलेली दिसते, आणि शेवटी निकाल लागतो तेव्हा तो पेढे घेऊन उभा असतो. या कथांची एक साधी परीक्षा आहे. पेन्सिल घ्यावी आणि तिच्या कामाचा उल्लेख जिथे जिथे आहे तिथे तिथे रेघ मारत जावे. उरलेली कथा जशीच्या तशी उभी राहिली, एकाही प्रसंगाचे कारण गळले नाही, कोणी कोणाला भेटले किंवा दुरावले ते तसेच कळत राहिले, तर ते ध्येय नव्हतेच. तो गळ्यातला दागिना होता. संपादकांना अशा शेकडो कथा वाचाव्या लागत असतील, आणि त्या वाचून वाचून त्यांनी ठरवले की दागिनाच जड होतो. दोष कामाचा नाही, काम कथेला कुठेच बांधलेले नसते त्याचा आहे, हे त्यांच्या लक्षात आले नाही.

माझ्या या कथेचा पहिला खर्डा नेमका तसाच होता. नायिका सुलक्षा, पाळीचीच, तिला ‘काहीतरी मोठे’ व्हायचे होते. नायक उदय, बँकेचे कर्ज काढून टिपर घेतलेला, खनिज वाहणारा. मी पेन्सिल चालवली तेव्हा तिच्या मोठे होण्यातली चार वाक्ये गेली आणि कथेचे काही बिघडले नाही. तो खर्डा मी फाडला. संपादकांकडे गेला तो दुसरा, आणि त्यातल्या पाच पानांवर वाद आहे.

दुसऱ्या वेळी मी तिला एकच गोष्ट मागायला लावली: तिला खाणीची सर्वेक्षक व्हायचे आहे. डिप्लोमा झाला आहे, पण सर्वेक्षकाचे प्रमाणपत्र खाणसुरक्षेच्या केंद्रीय खात्याच्या परीक्षेतून मिळते, आणि त्या परीक्षेला बसायला ठरावीक काळ खाणीत प्रत्यक्ष काम केल्याचा दाखला लागतो. म्हणजे तिचे स्वप्न महिन्यांत मोजता येते. ती भिंतीवरच्या कालनिर्णयावर महिना संपला की बारीक टिंब देते. ध्येयाला असे स्वतःचे घड्याळ मिळाले की लिहिणाऱ्याचे अर्धे काम होते, कारण प्रेमालाही घड्याळ असते आणि दोन घड्याळे एकाच वेळी वाजली की गोष्ट सुरू होते.

कायद्याचेही एक घड्याळ होते. कथा 2011-12 च्या हंगामातली आहे. 1952 च्या खाण कायद्याचे कलम 46 तेव्हा जसेच्या तसे लागू होते: बाईने जमिनीखालच्या खाणीत काम करायचे नाही, आणि वर, उघड्या खाणीत, फक्त सकाळी सहा ते संध्याकाळी सात. ही अट शिथिल झाली ती थेट 2019 मध्ये. गोव्यातल्या खाणी उघड्या, त्यामुळे सुलक्षेला काम मिळते, पण सातच्या आत ती फाटकाबाहेर असायला हवी. उदयच्या गाडीची शेवटची खेप वजनकाट्यावरच्या रांगेत अडकलेली असते. त्यांच्या भेटी या दोन वेळांच्या फटीत होतात, कधी पाच मिनिटे, कधी काट्याजवळच्या चहाच्या टपरीवर उभ्या उभ्या. हे कलम मी कथेत माहिती म्हणून घातलेले नाही. ते काढले तर दोघे रोज निवांत भेटू शकतात, आणि मग त्यांच्या ओढीला कारणच उरत नाही.

आता ती पाच पाने. खाणीला सरकारकडून मिळालेल्या पट्ट्याची हद्द असते. हद्दीवर खांब असतात आणि आतला खड्डा, रस्ते, मातीचे ढिगारे यांचा नकाशा सर्वेक्षकाने वेळोवेळी अद्ययावत करायचा असतो. खनिज काढताना त्याच्या कितीतरी पट निरुपयोगी माती निघते, ती टाकायला जागा लागते, आणि आमच्या भागातला मोठा तंटा या ढिगाऱ्यांचा आहे. पावसात ते खचतात, लाल गाळ ओहोळातून शेतात उतरतो. सुलक्षेच्या बापाचे भाताचे शेत अशाच गाळाखाली गेलेले आहे. तरी तिला खाणीतच काम करायचे आहे. का, हे ती कोणाला सांगत नाही. मोजणाऱ्याच्या हातात काय असते हे तिने बापाची तक्रार घेऊन कचेरीत गेल्यावर पाहिले आहे: सगळे हातवारे करून बोलत होते आणि एक माणूस नकाशा उलगडून बसला होता, आणि शेवटी सगळे त्या नकाशावर वाकले.

एका सकाळी ती ढिगाऱ्याच्या पायथ्याची मोजणी करते. टोटल स्टेशनची तिपाई ठोकलेली आहे, आधी माहीत असलेल्या दोन खांबांवर दुर्बीण लावून ती स्वतःची जागा पक्की करते. मदतनीस मुलगा काठीवर प्रिझम धरून ढिगाऱ्याच्या कडेने चालतो, दर वीस-पंचवीस पावलांवर थांबतो, ती हात वर करते, यंत्र टिकटिकते, पुढे. संध्याकाळी संगणकावर बिंदू जोडले जातात आणि पायथ्याची रेघ पट्ट्याच्या हद्दीच्या रेघेला ओलांडून जाते. चौदा मीटर. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजते, कारण सुरुवातीचा खांबच सरकला असेल तर सगळा नकाशा सरकतो. खांब जागेवर आहे. चौदा मीटर खरे आहेत.

त्या ढिगाऱ्यावर तीन महिने माती टाकणाऱ्या गाड्यांत उदयची गाडी आहे. हे नकाशावर आले की तिथली वाहतूक थांबणार, त्याच्या खेपा जाणार, आणि हप्ता तर दर महिन्याला आहे. त्या संध्याकाळी टपरीवर ती त्याला सांगते. तो रागावत नाही, लपव असेही म्हणत नाही. ग्लास खाली ठेवतो आणि एवढेच विचारतो, “हे या महिन्यातच काढायला हवं का गो?” माझ्या दृष्टीने सगळी प्रेमकथा या एका प्रश्नात आहे. तो तिच्या कामाच्या आड येत नाही, फक्त थोडे पुढे ढकलायला सांगतो. आणि तिला कळते की या माणसावर तिचे प्रेम आहे, आणि हा प्रश्न तो आयुष्यभर विचारत राहू शकतो.

संपादकांना ही पाने जायला हवी होती. ती गेली तर पुढच्या पानावर दोघे तीन आठवडे का बोलत नाहीत? त्यांनी सुचवले होते की तिसऱ्या कोणी मुलीवरून गैरसमज दाखवावा. गैरसमज हे प्रेमकथेतले सर्वात स्वस्त भांडण आहे. कोणीतरी खरे सांगितले की ते मिटते, म्हणून लेखकाला पात्रांची तोंडे बंद ठेवावी लागतात. चौदा मीटरचे भांडण सगळे खरे सांगितल्यावर सुरू होते. दोघेही बरोबर आहेत आणि दोघांनाही ते माहीत आहे. प्रेम पातळ होते म्हणतात ते कुठे? मला तर ते इथे पहिल्यांदा दाट झालेले दिसते.

नायक लहान होतो या दुसऱ्या आक्षेपाचे उत्तरही यातच आहे, पण त्याची मुळे थोडी वेगळीकडे आहेत. आपल्याकडे ध्येयवती नायिकेची जी गोष्ट रुजली ती परवानगीची गोष्ट आहे. घराघरांत पाहिली गेलेली ‘फुलाला सुगंध मातीचा’ ही मालिका घ्या. कीर्तीला आयपीएस व्हायचे आहे, आणि मिठाईचे दुकान चालवणारा शुभम तिच्या पाठीशी उभा राहतो. आमच्या वाड्यावरच्या बायका ती रोज बघत, आणि अशा नवऱ्याची कल्पना घरात शिरली हे चांगलेच झाले. परंतु या रचनेत नायिकेची परीक्षा हळूहळू नायकाच्या मोठेपणाची परीक्षा होते. तो देतो, ती घेते. पुढच्या लेखकांनी हा साचा उचलला की नायकाला करण्यासारखे एकच काम उरते, चांगले असणे, आणि नुसत्या चांगुलपणाने नायक खरोखरच लहान दिसतो. त्याला मोठे करायचे तर त्याच्यापुढे असा प्रसंग हवा जिथे तिला पाठिंबा देण्याची किंमत त्याच्या खिशातून जाते आणि तिला त्याची परवानगी मुळी लागतच नाही. उदयने होय म्हटले काय आणि नाही म्हटले काय, नकाशा निघणारच आहे. प्रश्न एवढाच आहे की नकाशा निघाल्यावर तो कोण असेल.

प्रेमकथेत हे सामावत नाही असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्याच आवडत्या पुस्तकाकडे पुन्हा पाहावे. शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ 1847 साली आली आणि जगभर ती प्रेमकथा म्हणूनच वाचली जाते. जेन रॉचेस्टरला भेटते कशी? ती ज्या शाळेत शिकवत होती तिथे तिचा जीव घुसमटायला लागतो, म्हणून ती स्वतः वर्तमानपत्रात जाहिरात देते आणि शिक्षिकेची जागा मिळवते. पुढे रॉचेस्टर वेष पालटून तिची स्वप्ने काढून घेऊ पाहतो तेव्हा ती सांगते की पैसे साठवून एखाद्या लहानशा घरात स्वतःची शाळा काढावी, यापलीकडे तिची मोठी आशा नाही. त्याच्यापासून दूर गेल्यावर ती खेड्यातली शाळा चालवते, आणि परतते तेव्हा तिच्या हातात स्वतःचे पैसे असतात. जाहिरात काढली तर भेट नाही, शाळा काढली तर विरह म्हणजे नुसते रडणे, पैसे काढले तर शेवटचे मीलन म्हणजे निराधार मुलीचा आसरा. पेन्सिलची रेघ तिथे कुठेच मारता येत नाही.

राहिला तिसरा आक्षेप, आमच्याकडची मुलगी असे मागत नाही. हा मला सर्वात जास्त लागला, कारण तो कथेबद्दल नाही, आमच्याबद्दल आहे.

पेडणेकर या आडनावातच गोव्यातले पेडणे आहे. हिराबाई पेडणेकर नायकिणीच्या घरात जन्मल्या, गाणे शिकल्या, आणि त्यांनी नाटक लिहायचे ठरवले. 1904 मध्ये ‘जयद्रथ विडंबन’ आणि पुढे ‘संगीत दामिनी’. ‘दामिनी’ ललितकलादर्शसारख्या नामवंत मंडळीने रंगभूमीवर आणले. त्या काळात बाईने लिहिलेले नाटक पुरुषांच्या कंपनीने उभे करायचे, याला किती हट्ट लागला असेल ते वेगळे सांगायला नको. आणि आज हिराबाईंचे नाव निघते तेव्हा पहिली चर्चा कशाची होते? त्यांच्याकडे कोणते मोठे नाटककार येत, कोणाचे मन त्यांच्यात गुंतले होते याची. वसंत कानेटकरांना त्यांच्या आयुष्यावरून ‘कस्तुरीमृग’ सुचले, म्हणजे त्यांची कथा रंगभूमीवर परतली, पण त्यांनी स्वतः लिहिलेली नाटके किती जणांनी वाचली आहेत? मागणारी बाई इथे होती. तिच्या मागण्यावर रेघ मारून आपण प्रेमकथा ठेवली. संपादकांनी माझ्या कथेत जी कात्री सुचवली ती त्यांची एकट्याची नाही, ती फार जुनी आहे.

नोकरी करणारी मुलगी प्रेमातून सुटते, तिला कोणाची गरज उरत नाही, मग गोष्ट कशाची, असाही एक सूर त्या पत्रात होता. याचे उत्तर मराठीत 1933 सालीच देऊन झाले आहे. ‘विभावरी शिरूरकर’ या नावाने मालती बेडेकरांनी ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध केले आणि केवढी खळबळ उडाली. त्यातल्या मुली शिकलेल्या, मिळवत्या आहेत. मिळवत्या आहेत म्हणूनच अडकल्या आहेत, कारण तिचा पगार घरात येऊ लागला की तिच्या लग्नाची घाई कोणालाच उरत नाही. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे नावच सगळे सांगते. तिथे पगार प्रेमातून सोडवत नाही, पगारच प्रेमाच्या वाटेतला पेच होतो. नव्वद वर्षांपूर्वी एका शिक्षिकेने हे पाहिले, आणि आपण अजून नायिकेचा पगार पार्श्वभूमी म्हणून लिहितो.

सुलक्षेच्या घरीही हे घडते. तिचा पगार आला तसे बापाने गाळ काढण्याच्या अर्जांचा पाठपुरावा सोडला. आई स्थळांचे नाव काढत नाही. उदय घरी विचारायला येतो तेव्हा बाप नाही म्हणत नाही, पुढच्या हंगामानंतर बघू म्हणतो. सगळेच तिला पुढे ढकलत आहेत, आणि फक्त तिचे टिंबांचे कालनिर्णय पुढे सरकते आहे.

मग सप्टेंबर 2012 मध्ये बेकायदा खाणकामावरच्या शाह आयोगाच्या अहवालानंतर राज्य सरकारने खाणी थांबवल्या आणि ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही मनाई केली. पाळीत तो ऑक्टोबर ज्यांनी पाहिला त्यांना आठवत असेल: रांगेने उभ्या गाड्या, त्यांच्या टायरांखाली वाढलेले गवत, बंद पडलेली गॅरेजे. कथेत मी हे दुःख म्हणून रंगवायला बसले असते तर पुन्हा दागिनाच झाला असता. माझ्यासाठी ते एका संवादासाठी होते. उदयची खेप गेली, ढिगाऱ्याचा प्रश्न आपोआप मिटला, चौदा मीटरला आता अर्थ नाही. तो तिच्याकडे येतो तो जवळजवळ हलका होऊन. आता आपल्यामध्ये काही आड येत नाही, असे तो म्हणतो. आणि ती रडते. त्याला वाटते त्याच्यासाठी रडते. ती रडते आहे ते दाखल्याला कमी पडलेल्या पाच टिंबांसाठी. पाच महिन्यांचे प्रत्यक्ष काम आता इथे कोणी देऊ शकत नाही.

त्याला हे कळायला दोन दिवस लागतात. ते दोन दिवस मी सविस्तर लिहिले आहेत आणि त्यांची एकही ओळ कमी करणार नाही. तिसऱ्या दिवशी तो येतो ते बागलकोटकडच्या चुनखडीच्या खाणीत माणसे घेतात अशी बातमी घेऊन. एका ड्रायव्हरकडून त्याने ती काढली आहे. तिने मागितली नव्हती. तो स्वतः जाऊ शकत नाही, गाडीचे कर्ज त्याला इथेच बांधून ठेवते. ती पाच महिन्यांसाठी जाते.

संपादकांच्या मते शेवट इथे मोडतो, कारण दोघे एकत्र येत नाहीत. मला वाटते कथेत ते पहिल्यांदाच एकत्र आले आहेत, आणि वाचकाला ते समजेल. माझ्या गावातल्या ज्या तीन बायकांना मी हस्तलिखित वाचून दाखवले त्यांच्यापैकी एकीने शेवट ऐकून मला एवढेच विचारले की पाच महिन्यांनी ती परत आली तेव्हा त्याने गाडी विकली होती का. तिला पुढची गोष्ट हवी होती. प्रेम पातळ झाले असते तर तिने हे विचारले नसते.

कथा आता दुसऱ्या अंकाकडे जाते आहे. ती पाच पाने तिच्यात आहेत, आणि सुरुवातीला एक पान मी नव्याने घातले आहे. रविवार आहे, बापाचे गाळाखालचे शेत तिला स्वतःसाठी मोजायचे आहे, मदतनीस मुलगा आलेला नाही. उदय काठी धरतो. तिला ती हवी तशी उभी राहात नाही, काठीवरच्या पाणसळीतला बुडबुडा सारखा बाजूला जातो. ती तिपाई सोडून त्याच्याजवळ येते, त्याचे दोन्ही हात काठीवर थोडे वर सरकवते आणि म्हणते, “श्वास घेऊ नको.” बुडबुडा मध्ये येतो. ती परत यंत्राकडे जाते तोवर तो खरेच श्वास घेत नाही.